नमुना लाखांचा, फरक मिलिमीटरचा



गेल्या महिन्यात माढ्यातल्या एका अभ्यासिकेत बसलो होतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली एक मुलगी मोबाईल पुढे करून म्हणाली, "दादा, हे बघा. लाखो लोकांवर अभ्यास झालाय म्हणं. फरक सिद्ध झालाय म्हणं. एवढा मोठा नमुना हाय म्हटल्यावर खरंच असंल की." मेसेज नेहमीचाच होता. वरच्या जातींत आणि खालच्या जातींत क्षमतेचा फरक आहे, तो 'संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' आहे, आणि तो योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी आहे. म्हणून आरक्षणवाल्यांनी गप्प बसावे. अभ्यास कोणाचा, कुठला, कधीचा, काहीच दिलेले नव्हते.

मी तिला एकच विचारले, "फरक किती आहे?" तिने मेसेज वरून खाली दोनदा वाचला. तो आकडा त्यात नव्हता.

अशा मेसेजला आपली पोरे दोन प्रकारे उत्तर देतात. काही जण सरळ शिव्या घालतात. काही जण म्हणतात, आकडेवारी हे मनुवाद्यांचेच हत्यार आहे, आपल्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दुसरे जास्त घातक आहे. कारण हा सगळा डाव एका शब्दावर उभा आहे आणि तो शब्द आकडेवारीतच उघडा पाडता येतो.

तो शब्द म्हणजे 'लक्षणीय'. मराठीत आपण म्हणतो, पावसाने लक्षणीय हजेरी लावली, मतदानात लक्षणीय वाढ झाली. म्हणजे डोळ्यात भरण्याइतकी, मोठी. संख्याशास्त्रात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की गटांमध्ये खरोखर काहीच फरक नसता, तर निव्वळ नमुना निवडण्याच्या योगायोगाने एवढा फरक दिसणे दुर्मीळ ठरले असते. फरक मोठा आहे की चिमूटभर, महत्त्वाचा आहे की फालतू, त्याचे कारण काय, यातले काहीही तो शब्द सांगत नाही. खरे तर त्याला 'आढळण्याजोगा' म्हणायला हवे होते. ज्याने पहिल्यांदा भाषांतर केले त्याने नकळत आपल्या विरोधकांची चांगलीच सोय केली.

आता हिशेब करू. क्षमता-बुद्धी असल्या निसरड्या गोष्टी बाजूला ठेवू आणि टेपने मोजता येते ती उंची घेऊ. समजा दोन गट आहेत, अ आणि ब. दोन्हींमध्ये माणसामाणसांतला उंचीचा पसरटपणा, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, सहा सेंटिमीटर आहे. अ गटाची सरासरी ब गटापेक्षा फक्त एक मिलिमीटरने जास्त आहे. हे आकडे मी हिशेबासाठी धरलेत, कोणत्याही जातीचे नाहीत.

प्रत्येक गटातली शंभर-शंभर माणसे मोजली, तर कसोटीचा आकडा येतो ०.१२ च्या आसपास. फरक दिसला असे म्हणायला तो साधारण दोनच्या जवळ हवा, म्हणून निष्कर्ष निघतो: फरक आढळला नाही. माणसे वाढवत नेली, तर प्रत्येक गटात सुमारे २८ हजार झाली की तोच आकडा दोनला टेकतो आणि फरक 'लक्षणीय' होतो. प्रत्येकी एक लाख घेतली तर आकडा ३.७ होतो आणि योगायोगाची शक्यता दहा हजारांत दोनवर येते. प्रत्येकी दहा लाख घेतली तर आकडा जवळजवळ १२ वर जातो, आणि मग ती शक्यता छापायला शून्ये पुरत नाहीत.

या सगळ्या प्रवासात कोणाची उंची वाढली का? नाही. एक मिलिमीटर होता, तो एक मिलिमीटरच राहिला. वाढली ती मोजलेल्यांची संख्या. कसोटीचा आकडा फरकाच्या आकारावर चालतो तसाच नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळावरही चालतो. नमुना शंभर पट केला की तो दहा पट फुगतो.

त्या एका मिलिमीटरचा व्यवहारात अर्थ काय, तेही बघू. अ गटातला कोणीही एक आणि ब गटातला कोणीही एक शेजारी उभे करा. अशा हजार जोड्या लावल्या, तर सुमारे ५०५ जोड्यांत अ वाला उंच निघेल आणि ४९५ जोड्यांत ब वाला. नाणे उडवून पैज लावण्यापेक्षा हे फारसे वेगळे नाही. ज्याच्या हातात फक्त गटाचे नाव आहे त्याला समोरच्या माणसाच्या उंचीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. आणि मेसेज पाठवणाऱ्याला तर नेमके हेच हवे असते, की गटाचे नाव सांगा, मी माणसाची लायकी सांगतो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एक लाख अधिक एक लाख माणसे मोजली की फरकाचा विश्वासाचा पल्लाही काढता येतो. तो येतो साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. म्हणजे इतक्या प्रचंड नमुन्याने काय सिद्ध केले? योगायोगाची बाजू धरली तर फरक दीड मिलिमीटरच्या फार वर असण्याची शक्यता नाही, हे सिद्ध केले. छोट्या नमुन्यावर कोणी म्हणू शकला असता, की कदाचित फरक दोन सेंटिमीटर असेल, आम्हाला दिसला नाही. मोठ्या नमुन्याने ती पळवाटच बंद केली. 'लाखोंचा नमुना' म्हणून जो साक्षीदार त्यांनी उभा केला, त्याची उलटतपासणी घेतली की तो आपल्या बाजूने बोलायला लागतो. पण उलटतपासणी घ्यायची तर फरक किती, हे विचारावे लागते.

आणि तो एक मिलिमीटर तरी खरा आहे का? आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. माणूस सकाळी जेवढा उंच असतो तेवढा संध्याकाळी नसतो. दिवसभर उभे राहून, वाकून, ओझे उचलून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटर उंची कमी होते. आता मोजणी करणारे गावात आले. नोकरदार, दुकानदार, वाड्यातले लोक सकाळी घरीच सापडले. शेतमजूर, उसाच्या फडावरचे, कुर्डुवाडीला कामाला जाणारे दिवेलागणीलाच सापडणार. समजा एका गटातले निम्मे लोक संध्याकाळी मोजले गेले आणि दुसऱ्या गटातले शंभरातले साठ. बाकी दोन्ही गट अगदी सारखे. दहा टक्के जास्त लोकांची एक-एक सेंटिमीटर उंची कमी भरली, तर सरासरीत बरोबर एक मिलिमीटरचा फरक पडला. जातीचा नाही, रक्ताचा नाही, मजुरीच्या वेळेचा.

नमुना कितीही वाढवा, ही चूक जात नाही. नमुना वाढला की योगायोग आटतो, पण मोजण्यातला कल जिथल्या तिथे राहतो. उलट योगायोगाचा चिखल खाली बसल्यावर तो कल जास्त स्पष्ट दिसतो आणि 'अत्यंत लक्षणीय' म्हणून छापून येतो. म्हणून लाखोंच्या नमुन्यात इवलासा फरक दिसला, की पहिला संशय मोजणाऱ्यावर घ्यायचा: कोणी मोजले, केव्हा, कुठे, कोण सापडले आणि कोण सुटले. फरक मोठा असेल तर अशा बारीक चुका त्याला सहसा गिळू शकत नाहीत. फरकच चुकीच्या आकाराचा असेल, तर निष्कर्ष काढायला काही उरत नाही.

हे मी नवीन सांगत नाही. या देशात हे भांडण जातीच्या मोजमापावरूनच झाले आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या नागपुरातून निघतो.

हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्याने लोकांची नाके मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक. त्यावरून तो म्हणाला, की नाक जितके रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची. म्हणजे जात हा वंशाचा मामला. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हे आकडे तपासले आणि दाखवले, की हा नियम फार तर उत्तर हिंदुस्थानच्या पट्ट्यात दिसतो, बाकी प्रांतांत तो टिकत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना घुर्यांनी दिलेले हेच नाकांचे आकडे हातात घेतले. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मोजमापे शेजारी ठेवून त्यांनी दाखवून दिले, की एक आर्य तर दुसराही आर्य, एक द्रविड तर दुसराही द्रविड. आज कोणी नाकावरून वंश ठरवत नाही आणि ठरवूही नये. पण पद्धत बघा. आकडेवारी साहेबाची आहे म्हणून बाबासाहेबांनी फेकून दिली नाही. आकडे आपापसात किती दूर आहेत हे त्यांनी बघितले.

किती दूर, याच प्रश्नावर एक गणिती अडकला होता. १९२० साली नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. तिथे प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनांडेल यांची प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी गाठ पडली. अ‍ॅनांडेल यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापे घेतलेली होती, ती त्यांनी महालनोबिसांना तपासायला दिली. या कामातून महालनोबिस जातींच्या तुलनेकडे वळले. त्यांना दिसले, की बंगालचे ब्राह्मण हे बंगालबाहेरच्या ब्राह्मणांपेक्षा बंगालमधल्याच इतर जातींशी जास्त मिळतेजुळते आहेत. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात कोणते वांशिक नाते, हा सवाल बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त केला आहे. तो ज्यांनी वाचला आहे त्यांना इथे काही वेगळे सांगायला नको.

त्या काळी दोन गट किती वेगळे आहेत हे ठरवायला लंडनच्या कार्ल पिअर्सन यांचा एक गुणांक वापरत. नावच होते 'वांशिक सादृश्याचा गुणांक'. पिअर्सन हे संख्याशास्त्राचे दादा आणि सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते. १९२५ साली त्यांनी लंडनमधल्या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांची मोजमापे घेऊन ज्यूंना ब्रिटनमध्ये येऊ देण्याविरुद्ध लिहिले होते. १९२७ मध्ये महालनोबिस त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे त्यांच्या लक्षात आले, की हा गुणांक अंतर मोजतच नाही. तो फक्त सांगतो, की दोन नमुने एकाच लोकसमूहातले असण्याची शक्यता कितपत आहे. आणि आपल्या एका मिलिमीटरच्या हिशेबासारखाच, नमुना वाढवला की तोही फुगतो. तेच दोन समाज, तीच नाके, फक्त जास्त माणसे मोजली की ते एकमेकांपासून 'दूर' जातात. आधी हजार माणसे मोजलेल्या दोन जाती शेजारीशेजारी असूनही 'लांब' दिसतात आणि वीस-वीस माणसे मोजलेल्या दोन जाती खरोखर लांब असूनही 'जवळ' दिसतात. असल्या मापाने देशाच्या जातींचा नकाशा काढायचा म्हणजे फूटपट्टीच रबराची घेतल्यासारखे होते.

महालनोबिसांनी हे पिअर्सनना सांगितले. पिअर्सनना पटले नाही. अखेर महालनोबिसांचा लेख १९३० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. पहिला, फरक आहे की नाही याची कसोटी. दुसरा, फरक किती आहे याचे माप. दुसऱ्यासाठी त्यांनी जे अंतर मांडले ते नमुन्याबरोबर फुगत नाही. नमुना वाढला की फक्त जास्त नेमके होते. १९३६ साली त्यांनी ते पूर्ण स्वरूपात दिले आणि आज जगभर ते 'महालनोबिस अंतर' म्हणून शिकवतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हेच माप घेऊन १९४१ साली संयुक्त प्रांतातल्या जातींची मोजणी झाली, तेव्हा ब्राह्मण, कारागीर जाती आणि आदिवासी यांचे गट काही प्रमाणात वेगळे पडले. आपल्याला हवे तेच उत्तर देईल म्हणून ते माप चांगले नाही. ते आकार सांगते म्हणून चांगले आहे. मोजमाप आपल्याच बाजूने लागले पाहिजे अशी अट घालून मोजायला बसलो, तर रिस्लेत आणि आपल्यात फरक काय?

आता आपल्या घरातले बोलतो, कारण हा आजार एकट्या विरोधकांचा नाही. वरचा हिशेब शिकलेला एखादा कार्यकर्ता लगेच दुसऱ्या टोकाला जातो आणि म्हणतो, फरक दोन-तीन टक्क्यांचाच ना, मग सोडून द्या. हेही खोटे आहे. छोटा म्हणजे बिनमहत्त्वाचा नव्हे. किती छोटा आणि कशाच्या तुलनेत, हे बघावे लागते.

२०२४ चा दहावीचा निकाल घ्या. राज्यात १५ लाख ४९ हजार मुलांनी परीक्षा दिली. मुलींचा निकाल ९७.२१ टक्के, मुलांचा ९४.५६ टक्के. फरक २.६५. 'मुलींनीच मारली बाजी' हा मथळा दरवर्षी तयारच असतो. इथे कसोटी लावली तर तिचा आकडा ऐंशीच्या पुढे जाईल. पण ती लावण्यात अर्थ नाही, कारण हा नमुनाच नाही, परीक्षेला बसलेली सगळी मुले आहेत. विचारायचे ते महत्त्वाचे. पास होण्याच्या बाजूने पाहिले तर ९७ आणि ९५, जवळपास सारखेच. नापासाच्या बाजूने पाहा: मुलींत २.७९ टक्के, मुलांत ५.४४ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. परीक्षा देणारे मुलगे सुमारे आठ लाख धरले, तर या 'अडीच टक्क्यां'चा अर्थ एकवीस हजारांच्या आसपास मुलगे असा होतो. आठ-दहा गावे फक्त नापास पोरांनी भरतील. ही पोरे पुन्हा फॉर्म भरतात की फडावर जातात, हे विचारण्याइतका हा फरक मोठा आहे. पण याच फरकावरून 'मुलगे मुळातच मठ्ठ' असे कोणी म्हणाला तर? शंभरातले चौऱ्याण्णव पास झालेले त्याला दिसत नाहीत का? तोच आकडा धोरणासाठी मोठा आहे आणि एका मुलाबद्दल मत बनवायला निरुपयोगी आहे.

आणि फरक खरोखर मोठा असला, तर त्याला लाखांच्या नमुन्याची गरजच पडत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. अर्जांतली पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष आले. अर्ज होते फक्त ४,८०८. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची संधी सवर्ण नावाच्या ०.६७ पट, मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३ पट. हे संधींचे गुणोत्तर आहे, टक्केवारी नव्हे, हे लक्षात ठेवा. चर्चेत समोरचा इथेच पकडतो. पाच हजारांहून कमी अर्जांत एवढे दिसले. त्या मेसेजवाल्याला मात्र लाखो लोक लागले आणि तरीही फरकाचा आकडा सांगायचे धाडस झाले नाही.

उलटी चूक आपणही करतो. वस्तीतली चाळीस घरे फिरून येतो, आकडे मांडतो, कसोटीत फरक दिसत नाही. मग एखादा प्राध्यापक म्हणतो, "बघा, भेदभाव नाही." चाळीस घरांत मोठे फरकसुद्धा निसटतात. तिथेही पल्लाच मागायचा: तुमच्या आकड्यांत भेदभाव जास्तीत जास्त किती असू शकतो? पल्ला शून्यापासून तिपटीपर्यंत पसरलेला असेल, तर 'नाही' म्हणायचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही, आणि 'आहे' म्हणायचाही.

किती फरकाला मोठा म्हणायचे, हे मात्र कोणतीही कसोटी सांगत नाही, आणि संख्याशास्त्रज्ञाने ते एकट्याने ठरवूही नये. ते आकडे बघण्याआधी ठरवायचे असते आणि ज्याचे काही पणाला लागले आहे त्यांना बरोबर घेऊन ठरवायचे असते. शिष्यवृत्ती दोन महिने उशिरा आली तर किती पोरे कॉलेज सोडतात? शंभरात एक जास्त सोडत असेल तर ते सहन करायचे का? मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला तो एक जण दशांश चिन्हापलीकडचा वाटेल. ज्या घरातला तो एक आहे त्या घराला विचारले तर उत्तर वेगळे येईल. म्हणून ही चर्चा फक्त तज्ज्ञांची म्हणून सोडून देऊ नका.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी ग्रुपवर उत्तर टाकले. एवढेच लिहिले होते: "फरक किती, कोणत्या एककात, आणि पल्ला काय? कोणी, कधी मोजले?" मेसेज टाकणाऱ्याने एका तासात तो डिलीट केला.